एका शेअरचे ऑप्शन, निकाल आणि टेकओव्हरची बातमी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला कॉलेज रोडवर आम्ही काही ट्रेडर शनिवारी सकाळी जमतो. कुणी पिंपळगावहून येतो, कुणी सिडकोतून, कुणी अंबडची रात्रपाळी संपवून थेट. बहुतेकांनी सुरुवात निफ्टीच्या ऑप्शनपासून केलेली असते. वर्ष-दोन वर्षं जमलं की एखाद्या शेअरचे ऑप्शन विकायचा मोह होतो, कारण तिथे प्रीमियम जाड दिसतो. त्यानंतर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

निफ्टीचे लांबचे कॉल-पुट विकून मला बऱ्यापैकी जमतंय. तेच एखाद्या शेअरवर केलं तर काय बिघडलं?

निफ्टीवर तुम्ही जे शिकलात त्यातलं बरंचसं एका गृहीतकावर उभं आहे. ते असं की भाव एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना मधल्या जागांवरून जातो. विकलेल्या पुटकडे निफ्टी सरकू लागला की तुम्हाला दिसतं. तुम्ही पुट खाली सरकवता, थोडा तोटा घेता किंवा बाहेर पडता. मधे वेळ मिळतो. एका शेअरच्या बाबतीत हा वेळ मिळेलच असं नाही. संध्याकाळी बातमी येते आणि सकाळी भाव दुसऱ्याच ठिकाणी उघडतो.

१० मार्च २०२५ चं इंडसइंड बँकेचं उदाहरण बघा. बाजार संपल्यावर बँकेने शेअर बाजाराला कळवलं की डेरिव्हेटिव्ह व्यवहारांच्या हिशेबात तफावत सापडली आहे आणि तिचा परिणाम नक्त मूल्याच्या सुमारे २.३५ टक्के असेल. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे २७ टक्के पडला. ९०० च्या आसपासचा भाव दिवस संपताना ६५५ च्या आसपास होता. त्याच दिवशी निफ्टी किंचित वर बंद झाला. निफ्टीचा पुट विकणाऱ्याला त्या दिवशी काही घडलं हेही कळलं नसतं. या शेअरचा पुट विकून झोपलेल्याला मात्र सकाळी काही करायला जागाच उरली नव्हती.

पण एफ अँड ओ शेअरला सर्किट असतं ना? १० टक्क्यांवर थांबेल.

थांबतो, पण थोडाच वेळ. वायदे बाजारातल्या शेअरना रोखीच्या बाजारातल्या इतर शेअरसारखं दिवसभराचं ठरलेलं सर्किट नसतं. त्यांना सरकता बँड असतो. भाव बँडच्या टोकाशी आला आणि तिथे पुरेसे व्यवहार झाले की काही वेळाने बँड त्याच दिशेने सैल केला जातो. त्यामुळे १० टक्क्यांची ती रेघ म्हणजे फक्त श्वास घ्यायला मिळालेली उसंत. इंडसइंड २७ टक्के पडला तो हा बँड असतानाच. २१ सप्टेंबर २०१८ ला डीएचएफएलचा शेअर एका दिवसात ४० टक्क्यांहून अधिक कोसळला, तोही वायदे बाजारातलाच होता.

निफ्टीतही गॅप पडतोच की. २०२० विसरलात का?

विसरलो नाही. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के पडला. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, सुमारे ६ टक्के पडला. निर्देशांकावर नेकेड, म्हणजे बचावाचा दुसरा ऑप्शन न घेता, ऑप्शन विकणं सुरक्षित आहे असं मी कुणालाच सांगणार नाही. फरक एवढाच की तिथे अशी उडी पडायला सगळ्या बाजाराला एकदम घाबरवणारं काहीतरी घडावं लागतं. शेअरला एका संचालक मंडळाची एक बैठक पुरते.

हिशेब साधा आहे. निफ्टीत ज्या शेअरचं वजन १ टक्का आहे, तो २७ टक्के पडला तरी निफ्टी त्याच्यामुळे पाव टक्क्याच्या आसपासच हलतो, आणि उरलेल्या ४९ शेअरपैकी काही त्या दिवशी वर असतात. निफाडच्या एखाद्या बागेवर गारपीट झाली तर त्या शेतकऱ्याचा हंगाम जातो, तालुक्याच्या सरासरीत मात्र ती जेमतेम दिसते. सगळ्यात जड शेअरचा धक्काही किती झिरपतो ते १७ जानेवारी २०२४ ला दिसलं. तिमाही निकालानंतर एचडीएफसी बँक सुमारे साडेआठ टक्के पडली. निफ्टीत तिचं वजन तेव्हा आठव्या हिश्श्याच्या आसपास होतं. बाकीच्या बँकाही सोबत घसरल्या आणि तरी निफ्टीची घसरण २ टक्क्यांच्या थोडी वर थांबली.

शिवाय निर्देशांकाला १०, १५ आणि २० टक्क्यांवर संपूर्ण बाजार थांबवणारं सर्किट आहे. शेअरला तशी मर्यादा नाही. सत्यमच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ ला हिशेब खोटे असल्याची कबुली दिली, तेव्हा तो शेअर एका दिवसात पाऊण टक्का नव्हे, पाऊण किंमत गमावून बसला.

मी स्टॉपलॉस लावूनच झोपतो. मग काय काळजी?

स्टॉपलॉस नेमका कसा चालतो ते एकदा शांतपणे बघू. एनएसईवर ऑप्शनसाठी एसएल-एम, म्हणजे ट्रिगर झाल्यावर मिळेल त्या भावाला जाणारी ऑर्डर, २०२१ पासून बंद आहे. राहिली ती लिमिट असलेली स्टॉपलॉस ऑर्डर. समजा तुम्ही ९०० चा पुट १४ रुपयांना विकलाय. ट्रिगर ३० ला आणि लिमिट ३३ ला ठेवलीय. शिवाय ती ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, सकाळी पुन्हा टाकावी लागते, हे बरेच जण विसरतात.

रात्री बातमी आली. सकाळी ९.१५ ला त्या पुटचा पहिला सौदा १२० ला झाला. ट्रिगर लागला, तुमची ऑर्डर ३३ ला घेण्यासाठी बाजारात गेली, आणि तिथेच लटकली, कारण ३३ ला विकणारा कुणी नाही. स्क्रीनवर ऑर्डर ‘ओपन’ दिसते, तोटा वाढत राहतो. मग तुम्ही लिमिट बदलू लागता आणि समोरचा भाव दर वेळी तुमच्या पुढे असतो. बिड १०५, आस्क १४०, अशा दरीत व्यवहार करावा लागतो. निफ्टीच्या ऑप्शनमध्ये ही दरी सहसा काही पैशांची असते, म्हणून तिथे या गोष्टीची जाणीव होत नाही.

स्टॉपलॉस ही बाजाराला केलेली विनंती असते. उलट विकत घेतलेला ऑप्शन हा तुमच्या हातातला करार असतो. भाव कुठेही उघडला तरी तो करार पाळला जातो.

‘ठरलेली जोखीम’ म्हणतात ती हीच का? आकड्यांत समजावून सांगा.

हो, तीच. एक काल्पनिक शेअर घेऊ. भाव १,०००, लॉट ६०० शेअरचा, म्हणजे करार ६ लाखांचा. दोन दिवसांनी निकाल आहेत. खालचे भाव मी सोयीसाठी धरलेत, पण मोठ्या कंपनीच्या बाबतीत अवास्तव नाहीत.

पहिला ट्रेडर ९०० चा पुट १४ ला आणि ११०० चा कॉल १३ ला विकतो. हा झाला साधा स्ट्रँगल. हाती २७ रुपये, लॉटमागे १६,२०० रुपये. दुसराही हेच विकतो, पण सोबत ८५० चा पुट ६ ला आणि ११५० चा कॉल ५ ला विकत घेतो. आपल्याकडे याला आयर्न कॉन्डर म्हणतात आणि विकत घेतलेल्या या बाजूंना विंग. त्याच्या हाती १६ रुपये उरतात, लॉटमागे ९,६०० रुपये.

निकाल साधारण लागले, शेअर ९८० ते १०३० मध्ये राहिला, तर पहिला जिंकला. त्याने दुसऱ्यापेक्षा ६,६०० रुपये जास्त कमावले. असं बऱ्याच तिमाहीत होईल. शनिवारी चहा तोच पाजेल.

आता एखाद्या तिमाहीत इंडसइंडसारखं झालं आणि शेअर ७३० वर आला. ९०० च्या पुटची किंमत किमान १७० झाली. पहिल्याचा तोटा १७० वजा २७, म्हणजे १४३ रुपये, लॉटमागे ८५,८०० रुपये. दुसऱ्याचा ८५० चा पुट आता १२० चा आहे, त्यामुळे ९०० च्या पुटवरचा त्याचा तोटा ५० ला अडकला. त्यातून मिळालेले १६ वजा केले की ३४ रुपये, लॉटमागे २०,४०० रुपये.

शेअर ७३० च्या ऐवजी ५८० ला गेला असता तर? पहिल्याचा तोटा १,७५,८०० रुपये. दुसऱ्याचा तेच २०,४००. शेअर शून्य झाला तरी २०,४०० च. दलाली आणि कर त्यावर वेगळे, पण ते आधीच मोजता येतात.

याकडे आणखी एका बाजूने बघा. पहिल्याला ८५,८०० भरून काढायला पाचहून अधिक चांगल्या तिमाही लागतील, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. दुसऱ्याला दोनहून थोड्या जास्त. आणि पहिल्याचा आकडा दर वेळी ८५,८०० च असेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

विंगला दिलेले ११ रुपये फुकट जातात असं वाटतं. काही स्वस्त उपाय?

ते फुकट जावेत अशीच इच्छा ठेवा. विंग आणखी लांब घेतली, समजा ८०० आणि १२००, तर ती स्वस्त पडेल पण कमाल तोटा वाढेल. हा सौदा तुमचा तुम्ही ठरवायचा. मी आधी कमाल तोट्याचा रुपयांतला आकडा ठरवतो आणि मग विंग कुठे बसते ते बघतो, कारण उलट क्रमाने केलं की प्रीमियमचा मोह विंग लांब ढकलत राहतो.

दोन गोष्टी मात्र आधी तपासा. पहिली, त्या लांबच्या स्ट्राइकला खरेच विकणारा आहे का. बऱ्याच शेअरच्या ऑप्शनमध्ये जवळच्या पाच-सहा स्ट्राइकपलीकडे ओसाड असतं. शेवटचा सौदा ६ ला दिसतो, पण आस्क ११ चा. अशा वेळी पूर्ण गणित ११ धरून करा. ते जमत नसेल तर तो शेअर सोडा, दुसरे खूप आहेत. दुसरी, विंग आधी घ्या आणि मग विका. बास्केट ऑर्डरमध्येही खरेदीची बाजू वर ठेवा. त्यामुळे मार्जिनही कमी अडकतं आणि मधल्या क्षणी उघडेही पडत नाही.

मार्जिन कमी लागलं म्हणजे जास्त लॉट घेता येतील की!

इथेच घोटाळा होतो, म्हणून हा प्रश्न वेगळा ठेवलाय. विंगमुळे मार्जिन बरंच उतरतं. मग स्ट्रँगलच्या एका लॉटच्या पैशात कॉन्डरचे दोन-तीन लॉट बसतात. पाच लॉट घेतले की कमाल तोटा १,०२,००० झाला. ७३० वर नेकेड स्ट्रँगलवाल्याला बसला त्याहून जास्त. जोखीम ठरलेली आहे, पण चुकीच्या आकड्यावर ठरलेली.

मार्जिन म्हणजे एक्सचेंजने स्वतःच्या सुरक्षिततेसाठी मागितलेली रक्कम. नेहमीच्या हालचालींवरून ती काढलेली असते आणि तुमचा तोटा तिथे थांबतो असं कुठेच लिहिलेलं नाही. लॉट किती घ्यायचे हे कमाल तोट्याला भागून ठरवा. एका बातमीत २५,००० च्या वर जायचं नाही असं ठरवलं असेल, तर वरच्या उदाहरणात एकच लॉट बसतो. शेअरच्या ऑप्शनमध्ये लॉट मोठे असल्यामुळे कधी कधी एकही बसत नाही. मग विंग जवळ आणा किंवा तो सौदा करू नका.

निकालाची तारीख आधीच कळते. आदल्या दिवशी बाहेर पडलं की झालं ना?

बऱ्याच अंशी हो, आणि ज्यांना नेकेडच विकायचं आहे त्यांनी किमान एवढं तरी करावंच. कंपनीला निकालासाठीच्या बैठकीची तारीख आधी जाहीर करावी लागते. तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत, वर्षाचे असतील तर ६० दिवसांत निकाल द्यावे लागतात. त्यामुळे जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीचा मध्य ते पुढच्या महिन्याचा मध्य, आणि वर्षाच्या निकालांसाठी एप्रिलचा मध्य ते मेअखेर, हा सांभाळायचा काळ.

आपल्याकडची एक खास गोष्ट म्हणजे बऱ्याच कंपन्या बाजार चालू असतानाच निकाल देतात. अमेरिकेतले व्हिडिओ बघून शिकलेल्यांना वाटतं की निकाल म्हणजे रात्रीचा कार्यक्रम. इथे दुपारी दीडला एक ओळ झळकते आणि तुम्ही भाजी चिरत असता. एखादी कंपनी निकाल दुपारी देते की संध्याकाळी हे तिच्या गेल्या चार तिमाहींच्या घोषणांच्या वेळा एक्सचेंजच्या साइटवर बघून कळतं.

बाजार किती उडीची अपेक्षा धरतोय हेही वाचता येतं. निकालाच्या आदल्या दिवशी चालू भावाजवळचा कॉल आणि पुट मिळून किती रुपयांना आहेत ते बघा. १,००० च्या शेअरला दोन्ही मिळून ६२ ला असतील, तर एक्स्पायरीपर्यंत साधारण ६ टक्के हालचालीची किंमत लावलेली आहे, आणि एक्स्पायरी जवळ असेल तर त्यातली बरीचशी निकालाची. पण ही सरासरी झाली. ६ टक्क्यांच्या अपेक्षेत २ टक्क्यांचे पुष्कळ दिवस असतात आणि २० टक्क्यांचा एखादा. १२ एप्रिल २०१३ ला इन्फोसिस पुढच्या वर्षाच्या अंदाजावरून २१ टक्क्यांच्या आसपास पडली होती. तारीख सगळ्यांना माहीत होती, कंपनी देशातल्या सर्वात बारकाईने पाहिल्या जाणाऱ्या कंपन्यांपैकी होती, तरीही.

आणि इंडसइंडची ती घोषणा? ती तिमाही निकालाच्या तारखेला आलीच नव्हती. कॅलेंडर बघून बाहेर पडणारा त्या रात्री पोझिशनमध्येच असता.

टेकओव्हरची बातमी तर चांगली. शेअर वर जातो. त्याचा त्रास कुणाला?

कॉल विकणाऱ्याला. निफ्टीवर शिकलेल्या माणसाला घसरणीची भीती वाटते, वरच्या बाजूची नाही, कारण निर्देशांक पडतो धाडकन आणि चढतो जिना चढल्यासारखा. त्या सवयीने तो शेअरचा पुट टाळतो आणि ‘कॉल तर सेफ आहे’ म्हणत कॉल विकतो. पण विकली जाणारी कंपनी एका सकाळी वर उघडते, आणि त्याची तारीख कोणत्याही कॅलेंडरमध्ये नसते.

९ नोव्हेंबर २०१२ च्या शुक्रवारी संध्याकाळी डियाजिओने युनायटेड स्पिरिट्समधला हिस्सा घेत असल्याचं आणि इतर भागधारकांना १,४४० रुपयांची ओपन ऑफर देत असल्याचं जाहीर केलं. सोमवारी शेअर सुमारे ३५ टक्के वर गेला. आपल्या उदाहरणातल्या १,००० च्या शेअरला ही उडी लावा. भाव १,३५०. ११०० चा कॉल २५० चा. नेकेड स्ट्रँगलवाल्याचा तोटा २५० वजा २७, म्हणजे २२३ रुपये, लॉटमागे १,३३,८०० रुपये. ७३० वर बसलेल्या तोट्यापेक्षा मोठा. आणि खाली शून्य ही तरी मर्यादा आहे, वर तीही नाही. कॉन्डरवाल्याचा तोटा इथेही २०,४०० च.

या उदाहरणात आणखी एक गंमत आहे. शेअर ऑफरच्या किमतीच्या बराच वर गेला. परदेशातल्या लेखांत वाचायला मिळतं की टेकओव्हर जाहीर झाल्यावर भाव ऑफरच्या किमतीला चिकटतो. तिथे सहसा सगळे शेअर रोखीने घेतले जातात, म्हणून तो चिकटतो. आपल्याकडे सेबीच्या २०११ च्या नियमांनुसार २५ टक्क्यांचा उंबरठा ओलांडणाऱ्याला किमान २६ टक्क्यांसाठीच ओपन ऑफर द्यावी लागते. उरलेले शेअर बाजारातच राहतात आणि नवा मालक कंपनीचं काय करेल यावर भाव ठरतो. त्यामुळे ‘ऑफर १,४४० ची आहे, तिथे थांबेल’ असं धरून वरचा कॉल विकणं हा दुसऱ्या देशाचा नियम आपल्या बाजारावर लावणं झालं.

मग बातमी आल्यावर तरी विकता येईल ना? तेव्हा प्रीमियम फुगलेला असतो.

तेव्हा उडी उलट बाजूला पडू शकते. वेदांताने मे २०२० मध्ये शेअर बाजारातून बाहेर पडण्याची, म्हणजे डीलिस्टिंगची तयारी जाहीर केली होती. ऑक्टोबरमध्ये पुरेसे शेअर न मिळाल्याने तो प्रयत्न फसला आणि १२ ऑक्टोबरला शेअर एका दिवसात सुमारे २० टक्के पडला. सौदा होणार की नाही अशा दोनच शक्यता असतात तेव्हा भाव मधल्या कुठल्या जागी थांबत नाही. फुगलेला प्रीमियम त्या शक्यतांचीच किंमत असतो.

अफवांचंही आता थोडं बदललंय. आधी मोठ्या १०० आणि डिसेंबर २०२४ पासून २५० कंपन्यांना, अफवेमुळे भावात लक्षणीय हालचाल झाली तर ठरलेल्या वेळेत ती खरी की खोटी ते सांगावं लागतं. म्हणजे अफवेवर एक उडी आणि खुलाशावर दुसरी, दोन्ही एका दिवसाच्या अंतराने. मधल्या रात्री उघडी पोझिशन ठेवायला माझी तरी छाती होत नाही.

मी कंपनीतच कामाला आहे, मला आतलं कळतं. तरी विंग हवी?

नाशिकमध्ये महिंद्राचा कारखाना आहे, बॉशचा आहे, त्यामुळे हा प्रश्न दर काही महिन्यांनी येतोच. शॉप फ्लोअरवर ऑर्डर वाढल्या एवढ्यावरून निकाल कळत नाहीत. भाव उडतो तो अपेक्षा आणि निकाल यांतल्या फरकावर, आणि अपेक्षा कारखान्यात दिसत नाही. आणि खरंच जाहीर न झालेली महत्त्वाची माहिती हाती असेल, तर त्यावर सौदा करणं हा गुन्हा आहे, ऑप्शनमध्येही. कंपनीने ‘नियुक्त व्यक्ती’ म्हणून नाव घातलेल्यांसाठी तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तासांपर्यंत कंपनीच्या शेअरमध्ये सौदे करण्याची खिडकी बंदच असते.

मी ऑप्शन विकतच नाही, फक्त घेतो. मला काय?

तुमची जोखीम आपोआप ठरलेली आहे, दिलेल्या प्रीमियमएवढी. फक्त निकालाच्या आदल्या दिवशी तुम्ही फुगलेला प्रीमियम देता. वरच्या उदाहरणात दोन्ही बाजू ६२ ला घेतल्या आणि शेअर ४ टक्के हलला, तर हालचाल होऊनही दुसऱ्या दिवशी हातात पन्नासच्या आत-बाहेर राहू शकतात.

स्प्रेड एक्स्पायरीपर्यंत ठेवला तर तोटा ठरलेलाच राहतो ना?

निफ्टीत हो, कारण तिथे पैशांत निपटारा होतो. शेअरच्या ऑप्शनमध्ये २०१९ पासून प्रत्यक्ष शेअरची देवघेव होते, आणि इथे ठरलेली जोखीम एका फटीतून निसटते.

समजा एक्स्पायरीला शेअर ८७० वर बंद झाला. तुमचा विकलेला ९०० चा पुट पैशात आहे, विकत घेतलेला ८५० चा पुट निकामी झाला. आता तुम्हाला ६०० शेअर ९०० ने घ्यावे लागणार, म्हणजे ५,४०,००० रुपये उभे करायचे. शेअर खात्यात येतील तेव्हा तुमच्याकडे कोणतीही विंग नसेल आणि पुढच्या सकाळच्या उडीला तुम्ही पूर्ण उघडे असाल. म्हणूनच एक्स्पायरीच्या आधीच्या दिवसांत दलाल जास्त मार्जिन मागू लागतात, आणि ते दिलं नाही तर स्वतःच पोझिशन कापतात, त्यांच्या सोयीच्या भावाला.

दोन्ही पुट पैशात असतील, म्हणजे शेअर ८५० च्या खाली, तर घेणं आणि देणं एकमेकांत वजा होतं आणि फक्त ५० रुपयांचा फरक उरतो. अडचण मधल्या पट्ट्याचीच आहे. त्या पट्ट्यात भाव असेल तर शेवटच्या दिवसाची वाट न बघता दोन्ही बाजू मिटवा. मुदतीआधीच समोरचा कधीही शेअर अंगावर टाकेल, ही परदेशी व्हिडिओतली भीती मात्र इथे लागू नाही. २०११ पासून आपले शेअर ऑप्शन फक्त एक्स्पायरीलाच वापरता येतात.

उडी पडली, माझी विंग १२० ला गेलीय. विकून नफा घेऊ का?

नको. त्या सकाळी स्क्रीनवर विंगसमोर हिरवा आकडा आणि विकलेल्या पुटसमोर लाल आकडा दिसतो, आणि हात हिरव्याकडे जातो. विंग विकली त्या क्षणी तुम्ही ७३० च्या भावावर नेकेड पुट विकणारे झालात, तेही ज्या दिवशी शेअर आणखी १०० रुपये पडू शकतो अशा दिवशी.

याच सकाळी आणखी एक गोष्ट घाबरवते. तोटा २०,४०० च्या पुढे, समजा २६,००० दिसतो. बिड आणि आस्क यांच्यातल्या दरीमुळे स्क्रीन दोन्ही बाजू वाईट भावाने मोजते. ९०० आणि ८५० च्या पुटमधला फरक ५० च्या वर टिकत नाही, म्हणून मार्केट ऑर्डर मारू नका. दरी आवळेपर्यंत थांबा, साधारण तासाभरात ती कमी होते, आणि मग दोन्ही बाजू एकत्र, ५० किंवा त्याहून कमी फरकाला लिमिट लावून मिटवा. तेवढ्यालाही समोर कुणी येत नसेल आणि शेअर ८५० च्या बराच खाली असेल, तर पोझिशन तशीच राहू द्या, पण एक्स्पायरीच्या आठवड्यात भाव परत ८५० च्या वर येतोय का यावर रोज नजर ठेवा.